मांजरीच्या पिल्लाचं उष्टावण

चार आठवड्यांच्या मांजरीच्या पिल्लाला किती खायला द्यावं, हा प्रश्न चार जणांना विचारला तर चार उत्तरं येतात. शेजारच्या आजी म्हणतात, वाटीभर दूध ठेवा, ते पितं. खाद्याच्या पाकिटामागचा तक्ता ग्रॅममध्ये आकडा सांगतो. जनावरांचे डॉक्टर वजन विचारतात आणि त्यावरून कॅलरी काढतात. आणि ज्याने पाच-पंचवीस पिल्लं वाढवली आहेत असा माणूस म्हणतो, आधी पिल्लू काट्यावर ठेवा, मग बोलू. या चारही उत्तरांपाशी मी कधी ना कधी थांबले आहे. आज मी शेवटच्या माणसाच्या बाजूची आहे, पण त्याचं उत्तर कळायला बाकीच्या तिघांचं बरोबर कुठे आहे आणि चुकतं कुठे, ते पाहावं लागतं.

बोलण्याला आधार हवा म्हणून एकाच पिल्लाची हकिगत धरून चालते. मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या मीटरबॉक्सखाली ते सापडलं. राखाडी रंगाची भाटी, म्हणून नाव भुरी. तिची आई दिवसभर वाट पाहूनही आली नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्लॅस्टिकचा डबा ठेवून, काटा शून्यावर आणून तिला आत बसवलं, तेव्हा आकडा 400 ग्रॅमचा होता.

वजनाआधी वय ठरवावं लागतं, कारण कोणत्या वयाला काय चालतं याची हद्द वजनाने कळत नाही. उपाशी राहिलेलं सहा आठवड्यांचं पिल्लूही 400 ग्रॅमचं असू शकतं. अशा वेळी दात खरं बोलतात. समोरचे बारीक दात साधारण दोन ते चार आठवड्यांत येतात, सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि त्यांच्यामागच्या दाढा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात. भुरीचे सुळे टोचत होते, दाढांच्या जागी हिरडी नुसती टणक लागत होती. डोळे अजून निळे, कान उभे, चालताना मागचे पाय थोडे लटपटत होते. म्हणजे चार आठवडे, फार तर दोन-तीन दिवस इकडे-तिकडे. निरोगी पिल्लू या वयात 350 ते 450 ग्रॅमचं असतं आणि दिवसाला दहा ते पंधरा ग्रॅमने वाढतं.

आता आजींच्या उत्तराकडे वळते, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त पिल्लं याच उत्तरावर वाढवली जातात आणि सर्वांत जास्त दगावतातही. मांजर दूध पितं हे खरं आहे, पण आपण देतो ते दूध मांजरीचं नसतं. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात आणि चरबीही जास्त असते. म्हणून गाईच्या दुधाने पिल्लाचं पोट फुगतं पण अंग भरत नाही. दुसरी अडचण दुग्धशर्करेची. ती पचवणारा पाचकरस पिल्लाच्या आतड्यात जन्मतः भरपूर असतो, पण आईचं दूध सुटण्याच्या वयापासून कमी होत जातो. न पचलेली साखर पुढे सरकते, पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. 400 ग्रॅमच्या जिवाला एका दिवसाचे जुलाबही झेपत नाहीत. शेळीचं दूध हलकं, असं आपल्याकडे अनेकांचं म्हणणं असतं, पण त्यातली दुग्धशर्करा गाईच्या दुधापेक्षा थोडीच कमी असते आणि प्रथिनांची तूट तशीच राहते. म्हशीच्या दुधात चरबी भरपूर मिळते, प्रथिनं मात्र तरीही कमीच पडतात. लहान मुलांची डब्यातली पावडरही याच कारणासाठी चालत नाही.

म्हणून या वयाला मांजरीच्या पिल्लांसाठी बनवलेली दुधाची पावडर लागते. मोठ्या शहरांत प्राण्यांच्या औषधांच्या दुकानांत ती मिळते, लहान गावांत बहुधा मागवावी लागते आणि यायला दोन दिवस जातात. त्या दोन दिवसांसाठी अनेक जण गाईच्या दुधात अंड्याचा बलक, साखर, मध असं काहीबाही मिसळतात. माझ्या मते चार आठवड्यांच्या पिल्लाला त्याहून सोपी आणि सुरक्षित वाट आहे. पिल्लांसाठीचं मऊ ओलं खाद्य, ज्यात तुकडे नसून नुसता लगदा असतो असं, कोमट पाण्यात खिरीसारखं पातळ करून चमच्याने किंवा सुईशिवायच्या सिरिंजने थोडं थोडं द्यायचं. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला हे चालणार नाही, चार आठवड्यांच्याला चालतं.

मोजमाप कसं ठरतं ते भुरीच्या आकड्यांवर पाहू. या वयाचा ढोबळ हिशेब असा की, दर 100 ग्रॅम वजनामागे दिवसाला 20 कॅलरी. म्हणजे तिला 80. तयार केलेल्या पिल्लाच्या दुधात प्रत्येक मिलिलिटरला साधारण एक कॅलरी असते, म्हणून दिवसाचं दूध 80 मिलिलिटर. पण ते एकदम देता येत नाही. पिल्लाचं पोट एका वेळी दर 100 ग्रॅम वजनामागे चार, फार तर पाच मिलिलिटर घेतं. भुरीसाठी एका वेळचे 16 मिलिलिटर झाले आणि 80 ला 16 ने भागलं की दिवसाला पाच वेळा. किती वेळा पाजायचं हा आकडा असा पोटाच्या मापातून येतो. जो म्हणतो तीनदा पाजलं तरी चालेल, तो एक तर पिल्लाला उपाशी ठेवतो किंवा पोटाच्या मापापेक्षा जास्त भरतो. जास्त भरलं की आधी पोट टम्म होतं, मग पातळ शी होते.

पाजण्याआधी पिल्लू उबदार आहे ना, हे पाहणं मोजमापाहूनही महत्त्वाचं. गार पडलेल्या पिल्लाची आतडी थंडावलेली असतात आणि त्यात ओतलेलं दूध पचत नाही, उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. तोंडात बोट घातल्यावर गार लागलं तर आधी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवायची, अंगात ऊब आल्यावरच पाजायचं. पाजताना पिल्लू पोटावर, आई कुशीवर झोपल्यावर पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच नाही. नाकातून दूध आलं किंवा पिल्लू खोकलं तर थांबायचं. आणि पुढच्या एक-दोन दिवसांत श्वास जोरात चालू लागला तर डॉक्टरांकडे जायला एक रात्रही थांबायचं नाही.

आता उष्टावणाकडे येते. आई जवळ असती तर हे काम तिनेच केलं असतं, आणि आपल्याहून चांगलं. चौथ्या आठवड्याच्या सुमारास मांजर पिल्लांना पाजणं हळूहळू टाळू लागते, त्यांना टाळून उंच जागी जाऊन बसते, बाहेर शिकार करणारी असेल तर मेलेला उंदीर किंवा पक्षी त्यांच्यापुढे आणून टाकते. पिल्लं तिच्या तोंडाकडे बघून खायला शिकतात. हे शिकणं किती खोल जातं ते वांडा विर्विका या संशोधिकेच्या प्रयोगांत दिसलं होतं. तिने माद्यांना केळं खायची सवय लावली आणि त्यांची पिल्लंही केळं खाऊ लागली. म्हणून आई असेल तर तिच्यापासून पिल्लू आठ आठवड्यांच्या आत तोडू नये. आईला पिल्लांचंच खाद्य पोटभर द्यावं आणि ते पसरट ताटलीत ठेवावं. बाकी काम ती करते.

भुरीला आई नव्हती. तिसऱ्या दिवशी एक चमचा ओला लगदा आणि तीन चमचे तयार दूध एकत्र करून, अंगाइतकं कोमट करून बरणीच्या झाकणात ठेवलं. वाटी खोल असते, पिल्लाची मान तिच्या काठावर अडते, म्हणून झाकण. ती आधी त्यात पाय देऊन उभी राहिली. मग शिंकली. तिचं नाक त्यात बुडवायचा मोह आवरला, कारण बुडवलेलं नाक श्वास घेतं आणि ते सगळं आत ओढतं. बोटाला थोडं लावून ओठांपाशी नेलं. तिने चाटलं. बोट हळूहळू खाली, झाकणापर्यंत नेलं. सहाव्या खेपेला तिला कळलं की हे बोटातून येत नाही, खालून येतं.

या पायरीला वेळ द्यावा लागतो आणि बहुतेक माणसं इथेच घाई करतात. पिल्लू एकदा चाटायला लागलं की आपण आनंदाने सिरिंज बंद करतो. पण चाटणं आणि पोट भरणं यांत आठवड्याचं अंतर असतं. पहिले दिवस भुरी झाकणातून जेमतेम चमचाभर खात होती, म्हणून सिरिंजचं दूध पाचही वेळा चालूच होतं. फक्त आधी झाकण पुढे करायचं आणि मग दूध, असा क्रम ठेवला, कारण पोट भरलेलं पिल्लू नवं काही चाटून बघत नाही. आणि फार भुकेलं असलं तर चिडून ओरडत बसतं. तसं दिसलं की आधी तीन-चार मिलिलिटर दूध पाजून भुकेची धार बोथट करायची.

पाचव्या आठवड्यात तिचं वजन 500 ग्रॅम झालं, गरज 100 कॅलरींची. दूध तीन वेळा, वीस-वीस मिलिलिटर, आणि बाकीचं झाकणातून. लगदा आणि दूध आता समसमान. इथे माझी चूक झाली. ती आवडीने खातेय म्हणून एका दिवसात मी दुधाचं प्रमाण एकदम खाली आणलं. दुसऱ्या सकाळी शी पाण्यासारखी आणि वजन 15 ग्रॅमने कमी. मी एक पायरी मागे गेले, म्हणजे मिश्रण पुन्हा पातळ केलं, पण त्यावर विसंबले नाही. शीचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे गेले, आणि त्यात गोल जंतांची अंडी निघाली. मांजरीत हे जंत आईच्या दुधातून पिल्लांत येतात. म्हणून बाहेरचं तोंड न पाहिलेल्या पिल्लालाही ते असतात, आणि आपण सगळा दोष खाण्याला देतो. खाणं चांगलं, पोट नगाऱ्यासारखं पण पाठीचा कणा हाताला लागतो, असं दिसलं तर जंतांचा संशय घ्यावा. औषधाची मात्रा वजनावर ठरते, तेव्हा काटा इथेही लागतोच. जंतांचं औषध एकदा देऊन भागत नाही, या वयात दर दोन आठवड्यांनी द्यावं लागतं.

सहाव्या आठवड्यात 600 ग्रॅम. दूध दोनदा आणि तेही झाकणातून, सिरिंज बंद. लगद्यात आता दुधाऐवजी कोमट पाणी. शेजारी पाण्याची उथळ वाटी ठेवली, कारण दूध कमी झालं की पाणी कमी पडतं आणि शी खडे होऊन अडकते. दूधपित्या पिल्लाची शी मोहरीच्या लगद्यासारखी पिवळट असते. ओल्या खाद्यावर ती तपकिरी आणि बांधीव होते. हा बदल दिसला की आतड्यांनी नवं अन्न स्वीकारलं असं समजावं. सातव्या आठवड्यात कोरड्या खाद्याचे दाणे, गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून. आठवड्याभरात पाणी कमी करत आणलं, आणि आठवा आठवडा भरला तेव्हा ती कोरडे दाणे कडाकडा चावत होती. दूध पूर्ण सुटलं होतं. वजन 800 ग्रॅम.

इथून पुढे डॉक्टरांचं सूत्र कामाला येतं. किलोतलं वजन तीनदा घेऊन आपसांत गुणायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं, आलेल्या उत्तराचं पुन्हा वर्गमूळ काढायचं आणि 70 ने गुणायचं. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने होतं. ही झाली स्वस्थ पडून राहायला लागणारी ऊर्जा. वाढीसाठी चार महिन्यांपर्यंत तिची अडीचपट धरतात, पुढे हळूहळू दुप्पट, आणि प्रौढ, नसबंदी झालेल्या घरातल्या मांजरीला सव्वापटीच्या आसपास. 1.2 किलोचं उदाहरण घेतलं तर तीनदा गुणून 1.728, दोन वर्गमुळांनंतर 1.15, गुणिले 70 म्हणजे 80, आणि त्याची अडीचपट 200 कॅलरी.

हे सूत्र भुरीच्या वहीतल्या वजनांना लावलं तेव्हा मला जे दिसलं ते पाकिटावरच्या तक्त्यात इतकं स्पष्ट दिसत नाही. आठ आठवड्यांना 150 कॅलरी. बारा आठवड्यांना, 1.2 किलो वजनावर, 200. पाच-सहा महिन्यांना, 2 ते अडीच किलोच्या दरम्यान, 270 च्या आसपास. आणि एक वर्षाला, 3.2 किलो वजनावर, पुन्हा 200. म्हणजे तीन महिन्यांचं मुठीएवढं पिल्लू आणि वर्षाची पूर्ण वाढलेली मांजर यांचं दिवसाचं अन्न सारखंच. मधे एक टेकडी आहे, तिचा माथा पाचव्या-सहाव्या महिन्यात येतो, आणि मग उतार. आपली समजूत उलटी असते. पिल्लू लहान म्हणून चिमूटभर आणि मोठं झालं म्हणून वाटीभर. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात पिल्लं अर्धपोटी राहतात आणि दहाव्या महिन्यात लठ्ठ होतात.

कॅलरीचे ग्रॅम करणं सोपं आहे. पिल्लांच्या कोरड्या खाद्यात एका ग्रॅमला साधारण चार कॅलरी असतात, ओल्या खाद्यात 100 ग्रॅमला ऐंशी-नव्वद. आपल्याकडचा पाऊच 70 ते 85 ग्रॅमचा, म्हणजे 60-70 कॅलरींचा. आठ आठवड्यांच्या भुरीला दीड पाऊच आणि 10 ग्रॅम दाणे लागत. बारा आठवड्यांना दोन पाऊच आणि 15 ते 18 ग्रॅम दाणे. सगळंच कोरडं द्यायचं असेल तर 50 ग्रॅम. दोन्ही मिसळून देण्याकडे माझा कल आहे. कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, ओल्यात पाऊणशेच्या वर, आणि मांजर तहान लागल्यावरही फार पाणी पीत नाही. शिवाय लहानपणी दोन्ही प्रकार तोंडात गेलेले असले की पुढे आजारपणात पथ्य बदलताना मांजर अडून बसत नाही.

पाकिटामागच्या तक्त्याबद्दल माझी एकच तक्रार आहे. अनेक तक्ते ‘मोठेपणी अपेक्षित वजन’ या रकान्यावर चालतात आणि त्यांतली वजनं चार-पाच किलोंची असतात. आपल्या रस्त्यावरच्या माद्या बहुधा अडीच ते साडेतीन किलोंत थांबतात. चार किलोंचा रकाना पाहून दिलं तर पिल्लाच्या ताटलीत रोज गरजेपेक्षा जास्त पडतं. तक्ता आणि सूत्र या दोघांनाही सुरुवात समजावी. त्यानंतर बरगड्यांवरून हात फिरवायचा. तळहात पालथा धरून बोटांच्या मागच्या बाजूला हाडं लागतात तशा बरगड्या लागल्या तर ठीक, मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर वाढवायचं, शोधाव्या लागल्या तर कमी.

किती वेळा, याचं उत्तर वयाबरोबर आपोआप सैल होतं. पाच-सहा आठवड्यांना पाच वेळा, तीन महिन्यांपर्यंत चार, सहा महिन्यांपर्यंत तीन, पुढे दोन किंवा तीन. मांजर मुळात दिवसभरात थोडं थोडं, अनेकदा खाणारा प्राणी आहे, कारण एका उंदरात तीसेक कॅलरीच मिळतात. त्यामुळे नोकरी करणाऱ्या घरात चार महिन्यांपर्यंत मोजलेले कोरडे दाणे दिवसभर ठेवायला हरकत नाही. मोजलेले हा शब्द मात्र विसरू नये. वाटी संपली की भरणं म्हणजे मोजणं नाही. ओलं खाद्य उन्हाळ्यात तासाभराहून जास्त उघडं ठेवू नये. कोकणातल्या पावसाळ्यात कोरडे दाणेही ओल धरतात, बुरशी लागते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात.

खाणं थांबलं तर किती वाट पाहायची, हेही वयावर आहे. चार-सहा आठवड्यांच्या पिल्लाने लागोपाठ दोन वेळा तोंड फिरवलं आणि ते मलूल असेल, तर डॉक्टरांकडे जायला तेवढं पुरेसं आहे. त्याच्याकडे साठवलेली साखर फार थोडी असते. तीन महिन्यांच्या पिल्लाला अर्धा दिवस, त्याहून जास्त नाही. वजन सलग दोन दिवस घटलं तर ते खात असलं तरी दाखवावं.

आता ताटलीत काय, या भागाकडे. इथे मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण या चुका प्रेमातून होतात. पिल्लू चांगलं वाढावं म्हणून घरातली माणसं त्याला रोज उकडलेलं चिकन देतात, बिनहाडाचं, मऊ, हाताने तोडून. कधी भातात कालवून. पिल्लू आवडीने खातं, गुबगुबीत दिसतं. महिना-दीड महिन्याने ते उडी मारेनासं होतं. उचललं की ओरडतं. शी करताना कुंथतं. मग एक दिवस सोफ्यावरून, तीसेक सेंटिमीटरवरून, उतरताना पाय मोडतो. घरच्यांना वाटतं कुणी तरी मारलं. क्ष-किरणात हाडं इतकी फिकट दिसतात की मांसापासून वेगळी ओळखू येत नाहीत.

कारण साधं आहे. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. वाढत्या पिल्लाला हे दोन्ही जवळपास सारखे, किंबहुना कॅल्शियम थोडं जास्त लागतं. रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊ लागलं की गळ्यातल्या परावटू ग्रंथी ते हाडांतून काढून घेतात. मांजर मूळचं मांसाहारी, मग मांसाने असं का व्हावं, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. मांजर उंदीर खातं तेव्हा हाडांसकट खातं. आपण देतो ते हाडं काढलेलं. उपाय म्हणजे समतोल खाद्य आणि काही आठवडे पिंजऱ्यात विश्रांती. बहुतेक पिल्लं सावरतात. पण अरुंद झालेलं कटिर किंवा वाकलेला कणा तसाच राहू शकतो, आणि अशा मांजराला मग जन्मभर बद्धकोष्ठ होतो. स्वतःच्या अंदाजाने कॅल्शियमच्या गोळ्या किंवा अंड्याच्या टरफलाची पूड घालत राहणं हा उपाय नाही, कारण जास्त झालेलं कॅल्शियमही नुकसान करतं.

काळजाचं तसंच. थोडं चालतं. रोज दिलं तर अ जीवनसत्त्व साठून हाडांवर गाठी धरतात.

किनाऱ्यावरच्या घरांत चिकनच्या जागी मासे येतात. शिजवलेला मासा अधूनमधून उत्तम. पण काही कच्च्या माशांत ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं, ते शिजवल्याने जातं. कच्च्या माशांवर वाढलेल्या पिल्लाची मान खाली झुकते, चाल झोकांड्या खाते, झटके येतात. तेलकट मासा रोज दिला तर ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते आणि पिल्लू अंगाला हात लावू देत नाही. सुकट आणि सुक्या बोंबलातलं मीठ पिल्लाला नको. रश्शातला तुकडा धुऊन देतात, पण कांदा-लसूण रसात उतरलेला असतो आणि तो मांजरीच्या तांबड्या पेशी फोडतो.

शाकाहारी घरांत प्रश्न वेगळा आहे आणि त्याबद्दल मी स्पष्ट बोलते. मांजर टॉरिन पुरेसं स्वतः बनवू शकत नाही, आणि ते वनस्पतींत जवळजवळ नसतं. 1975 मध्ये कळलं की टॉरिनच्या अभावाने मांजरांच्या डोळ्याचा पडदा झिजतो. 1987 मध्ये पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याच अभावाने हृदय फुगून निकामी होतं, आणि त्यानंतर कारखान्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. गाजरातल्या द्रव्यापासून अ जीवनसत्त्वही मांजर बनवू शकत नाही. दूध-पोळीवर पिल्लू जगलेलं दिसतं तेव्हा ते बहुधा बाहेर पाली, उंदीर, झुरळं खाऊन तूट भरून काढत असतं. फ्लॅटमध्ये बंद असलेल्या पिल्लाला ती सोय नाही.

म्हणून पाकीट निवडताना दोन गोष्टी वाचाव्यात. खाद्य ‘कम्प्लीट’ आहे का, आणि ते वाढत्या पिल्लांसाठी किंवा सर्व वयांसाठी आहे का. कुत्र्याचं खाद्य मांजरीला पुरत नाही. चाटून खायच्या क्रीमच्या नळ्या आणि काही रश्शातले चिकनचे पाऊच हे फक्त खाऊ आहेत, त्यावर पिल्लू वाढत नाही. घरचं द्यायचंच तर दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शापर्यंत. 200 कॅलरींच्या पिल्लाला 20 कॅलरी, म्हणजे उकडलेल्या चिकनचे 12 ग्रॅम, दोन लहान तुकडे. एवढ्याने समतोल बिघडत नाही आणि देणाऱ्याच्या मनालाही बरं वाटतं.

भुरीची नसबंदी सहाव्या महिन्यात झाली, वजन 2.4 किलो. टेकडीचा उतार इथे एकदम तीव्र होतो. शस्त्रक्रियेनंतर ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्शाने घटते आणि भूक उलट वाढते, दोन्ही काही आठवड्यांतच. वाढ मात्र अजून चालू असते, म्हणून खाद्य पिल्लांचंच ठेवायचं आणि मोजून कमी करायचं. तिचं 270 वरून 200 पर्यंत टप्प्याटप्प्याने आणलं. ती ओट्यावर चढून डब्याचं झाकण चाटायची. पाऊचचं प्रमाण वाढवून दाण्यांचं कमी केलं, म्हणजे तेवढ्याच कॅलरींत ताटली मोठी दिसते आणि पोटही भरतं. आठवड्याचं वजन तेव्हा पुन्हा सुरू केलं, जे मी चौथ्या महिन्यानंतर महिन्यावर नेलं होतं.

अकराव्या महिन्यात वजनाची रेघ सपाट झाली. बारावा लागल्यावर प्रौढ मांजरांचं खाद्य सुरू केलं. पहिले तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग अर्धं, मग पाऊण, दहाव्या दिवशी पूर्ण, असं ठरवलं होतं. इतके महिने ज्या दाण्यांची सवय झाली होती त्यांतून ती नवे दाणे वेगळे काढून वाटीच्या कडेला ठेवायची. म्हणून अर्ध्यावर आणखी पाच दिवस थांबले आणि वर चमचाभर ओलं खाद्य कालवलं. पंधराव्या दिवशी वाटी रिकामी होती. काट्यावर 3 किलो 200 ग्रॅम, आणि त्यासाठी आता डब्याऐवजी मला स्वतःला तिला घेऊन मोठ्या काट्यावर उभं राहावं लागतं, मग एकटीने, आणि दोन आकड्यांची वजाबाकी करावी लागते.